कानाला सांगायची बातमी

हे वाक्य मोठ्यानं वाचून पाहा: ‘वरचीवाडी येथील सकाळी ६.४५ वाजता सुटणारी एसटी बसफेरी १६ जूनपासून बंद करण्यात आल्याने ५९ विद्यार्थ्यांना ७.२ किलोमीटर अंतर पायी पार करावे लागत असून, त्यातील ३४ विद्यार्थिनी असल्याचे व फेरी पूर्ववत न झाल्यास आगारासमोर आंदोलन करण्याचा इशारा देण्यात आल्याचे ग्रामस्थांनी सांगितले.’

वरचीवाडी हे गाव आणि ही बातमी मी या लेखासाठी रचली आहे, पण अशी वाक्यं आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो. छापलेलं असताना ती खटकत नाहीत. डोळा हवं तिथं थांबतो, मागं जातो, आकडा पुन्हा पाहून पुढं सरकतो. हेच वाक्य रेडिओच्या बातमीपत्रात किंवा पॉडकास्टमध्ये वाचलं, तर ‘असून’ येईपर्यंत ऐकणारा हरवलेला असतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे वाक्य लांबलं की ऐकणाऱ्याला सगळी नावं, वेळा आणि आकडे डोक्यात धरून शेवटच्या शब्दाची वाट पाहावी लागते. इथं तर ही माहिती कोण देतंय, हेसुद्धा अगदी शेवटी कळतं. तोवर तो हे सगळं सिद्ध झालेलं सत्य म्हणूनच ऐकत असतो.

ऑडिओसाठी बातमी लिहिणाऱ्याला पहिली सूचना मिळते ती ‘बोलल्यासारखं लिहा’ अशी. ‘केले’चं ‘केलं’ केलं, मधूनमधून ‘तर मंडळी’ आणि ‘बरं का’ पेरलं की झालं, असं अनेकांना वाटतं. ते पुरत नाही. बोलणं शब्दांच्या टोकात नसतं, माहितीच्या क्रमात असतं. घरी आल्यावर आपण ही गोष्ट बहिणीला सांगितली तर म्हणू, ‘अगं, त्या वरचीवाडीची सकाळची एसटी बंद झालीय. पोरं सात किलोमीटर चालत शाळेत जातायत.’ बहीण लगेच विचारेल, ‘बंद कुणी केली? का?’ आणि इथं वार्ताहराची अडचण उघडी पडते, कारण मूळ वाक्यात याचं उत्तरच नाही. ‘बंद करण्यात आल्याने’ या रचनेनं निर्णय घेणारा माणूस झाकून टाकला आहे. ‘इशारा देण्यात आल्याचे’ म्हणताना इशारा देणाराही झाकला आहे. लेखी मराठीत ही पोकळी सहज लपते. बोलायला लागलं की ती लपत नाही.

मला या कामातलं हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. संवादी भाषा हा बातमीला नंतर द्यायचा रंग नाही, ती बातमीची तपासणी आहे. ‘करण्यात आले’, ‘सांगण्यात येते’, ‘समजते’ यांच्या जागी कर्ता घालून पाहायचा. तो सापडला नाही, तर वाक्य दुरुस्त करत बसू नये. फोन उचलून विचारावं किंवा पुन्हा तिकडं जाऊन यावं.

अमेरिकी पत्रकार एडवर्ड मरो दुसऱ्या महायुद्धात लंडनहून रेडिओवर बातम्या देत असे. तो आपलं निवेदन बहुधा स्वतः टाइप करत नसे. सेक्रेटरीला तोंडी सांगे आणि ती उतरवून घेई. म्हणजे त्याचं वाक्य कागदावर येण्याआधी तोंडातून गेलेलं असे. आज हेच काम फोन करतो. वही मिटायची आणि बातमी ठाऊक नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला ती सांगायची. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवायचं. सांगताना पहिलं वाक्य कोणतं आलं, समोरच्यानं कुठं अडवून प्रश्न विचारला, कुठं आपल्यालाच ‘थांब, आधी हे सांगतो’ म्हणावं लागलं, हे नंतर ऐकायचं. स्क्रिप्टचा क्रम बहुतेक वेळा तिथंच मिळतो. मग वही उघडायची आणि बोलण्याच्या भरात सैल झालेली नावं, आकडे आणि कोण काय म्हणालं ते पक्कं करायचं. या दोन पायऱ्यांची अदलाबदल मात्र करू नये. वही आधी उघडली की वहीतलीच भाषा तोंडात येते.

आपली वार्ताहर वरचीवाडीला परत गेली, आगारात गेली, खचलेल्या वळणावर उभी राहिली, असं धरून चालू. तिची स्क्रिप्ट मग अशी होईल.

निवेदक: ‘वरचीवाडीतली साठेक मुलं सकाळी एसटीनं शाळेत जायची. जूनमध्ये शाळा उघडली, पण पावणेसातची ती बस आली नाही. आता मुलं चालत निघतात. सात किलोमीटर. आमची वार्ताहर एका सकाळी त्यांच्याबरोबर चालली.’

(चिखलातल्या पावलांचा आवाज, मुलींचं बोलणं. पाच सेकंद. मग आवाज खाली.)

वार्ताहर: ‘साडेपाच वाजलेत. गावाच्या शेवटच्या घरापुढं मुली जमल्यात. एकटीनं निघायचं नाही, असं घरच्यांनी बजावलंय. आठवीतली एक मुलगी सगळ्यांच्या पुढं चालतेय. पाऊस आला की दप्तराचं काय करता, असं मी तिला विचारलं.’

मुलीचा बाइट: ‘पिशवीत घालती पुस्तकं. तरी वह्या भिजत्यातच. बाईंनी विचारलं, शाई कशी काय पसरली. म्हटलं, बाई, वाटंतच पसरली.’

वार्ताहर: ‘या मुलींकडं एसटीचा मोफत पास आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतला. तो सध्या दप्तरातच राहतो. ही फेरी तालुक्याच्या आगारानं थांबवली. आगार व्यवस्थापक सांगतात, घाटातल्या दुसऱ्या वळणावर रस्ता खचलाय, तिथून बस नेणं धोक्याचं आहे. गावकऱ्यांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, त्याच वळणावरून खडीचे डंपर जातात. आम्ही त्या वळणावर तासभर थांबलो. दोन डंपर गेले.’

(डंपर जवळ येऊन पुढं गेल्याचा आवाज.)

वार्ताहर: ‘रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा आहे. दुरुस्ती कधी होणार, असं मी तिथल्या अभियंत्यांना विचारलं. पावसाळा संपल्यावर, असं ते म्हणाले. गावानं आगाराला सोमवारपर्यंतची मुदत दिलीय. तोवर बस आली नाही, तर पालक मुलांना घेऊन आगारासमोर बसणार आहेत.’

मराठी वाचनाचा वेग मिनिटाला सव्वाशे शब्दांच्या आसपास धरतात. वाचणाऱ्याप्रमाणे तो बदलतो, म्हणून प्रत्येकानं घड्याळ लावून आपला वेग मोजलेला बरा. या हिशेबानं वरची स्क्रिप्ट आवाजांसकट साधारण दीड मिनिटात बसते. मूळ वाक्यातलं जवळपास सगळं तिच्यात आहे, आणि त्या वाक्यात नसलेलं बरंच काही आहे.

आधी आकड्यांकडं पाहू. ५९ चं ‘साठेक’ झालं. कारण ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ हे शब्द कानाला इतके जवळचे आहेत की घाईत एकाच्या जागी दुसरा ऐकू येतो. ७.२ चं ‘सात’ झालं, कारण चालणाऱ्या मुलीच्या दृष्टीनं त्या दोनशे मीटरनं बातमी बदलत नाही. ६.४५ चं ‘पावणेसात’ झालं. पाव, सव्वा, दीड, अडीच हे मराठी कानाचे सवयीचे आकडे आहेत, त्यांचा उपयोग करावा. चौतीस मुलींचा आकडा गाळला, कारण मुली स्वतःच ऐकू येतायत. मात्र आकडा हीच बातमी असेल, निवडणुकीतली मतं किंवा अपघातातले मृत्यू असतील, तर असं करून चालत नाही. तिथं आकडा अचूकच द्यायचा, वाक्यात तो एकटाच ठेवायचा आणि गरज पडली तर पुढच्या वाक्यात पुन्हा सांगायचा. स्क्रिप्टमध्ये आकडे अक्षरांत लिहितात, म्हणजे वाचणारा ऐनवेळी अडखळत नाही. ‘जि. प.’ आणि ‘सा. बां. विभाग’ ही संक्षिप्त रूपं तशीच ठेवत नाहीत, त्याचंही कारण हेच.

यापेक्षा नाजूक काम म्हणजे कोण काय म्हणालं, हे सांगणं. छापील मजकुरात अवतरणचिन्हं असतात. ती ऐकू येत नाहीत. ‘रस्ता खचल्यामुळे बस नेणं धोक्याचं आहे, असं आगार व्यवस्थापकांनी सांगितलं’ असं लिहिलं, तर ऐकणारा पहिला अर्धा भाग आपलाच दावा समजून ऐकतो. नंतर कळतं की तो आगाराचा आहे. म्हणून बोलणारा आधी आणि त्याचं म्हणणं नंतर. उलट बाजूलाही एक धोका आहे. व्यवस्थापकांचं म्हणणं कुठं संपलं आणि आपलं निवेदन कुठं सुरू झालं, हे कळायला हवं. म्हणून पुढचं वाक्य लगेच दुसऱ्या कर्त्यानं सुरू केलं, ‘गावकऱ्यांना हे पटत नाही’. इथून आगार बोलत नाही, हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही.

बोलीत लिहिताना घरच्या बोलण्यातले काही शब्द सहज निसटून येतात. ‘रस्ता खचलाय म्हणे’ असं वाक्य तोंडात येतं. ते अगदी नैसर्गिक आहे आणि बातमीत अजिबात चालणार नाही, कारण त्या एका ‘म्हणे’तून आपला अविश्वास ऐकू जातो. आगारानं ‘कारण पुढं केलं’, गावकऱ्यांनी ‘कांगावा केला’, अशा क्रियापदांचंही तेच. घरी बोलताना आपण बाजू घेत असतो आणि ती सवय भाषेबरोबर आत येते. शंका असेल, तर ती शब्दांतून सूचित करू नये. जाऊन तपासावं. वरच्या स्क्रिप्टमधलं सर्वांत वजनदार वाक्य ‘दोन डंपर गेले’ हे आहे. त्यात एकही विशेषण नाही. ते वार्ताहरानं तासभर उभं राहून मिळवलेलं आहे. त्या तासात एकही डंपर गेला नसता, तर तिला तेही सांगावं लागलं असतं.

आता बाइटबद्दल. नव्या वार्ताहरांच्या स्क्रिप्टमध्ये हमखास दिसणारा दोष असा: निवेदनात येतं, ‘पावसात वह्या भिजत असल्याचं मुलींनी सांगितलं,’ आणि लगेच मुलीचा आवाज येतो, ‘पावसात आमच्या वह्या भिजतात.’ एकच गोष्ट दोनदा. बाइटच्या आधीच्या वाक्यानं दार उघडायचं असतं, आतलं सगळं सांगून टाकायचं नसतं. ‘दप्तराचं काय करता, असं मी तिला विचारलं’ एवढ्यानं भागतं. माहिती, तारखा आणि कारणं वार्ताहरानं सांगावीत. ती वार्ताहर थोडक्यात सांगू शकतो. भोगलेलं, पाहिलेलं, ज्याचं त्यालाच सांगता येईल असं बाइटमध्ये ठेवावं. अधिकाऱ्याचा बाइट त्यामुळे अनेकदा लागतच नाही. तो कार्यालयीन मराठीत बोलतो आणि त्याचं म्हणणं वार्ताहर प्रामाणिकपणे दोन ओळींत मांडू शकतो. मात्र तो काही नाकारत असेल, आरोपाला उत्तर देत असेल, तर त्याचा आवाजच ऐकवावा. तिथं आपण सारांश केला, तर त्याच्यावर अन्याय होतो.

मुलगी ‘घालती’, ‘भिजत्यात’ म्हणते. ते तसंच राहू द्यायचं. एखादा शब्द बाहेरच्या जिल्ह्यात कळणार नसेल, तर त्याचा अर्थ आधीच्या वाक्यात सहज गुंफायचा. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचा बाइट मुंबईत ऐकला जाणार असेल, तर ही काळजी घ्यावीच लागते. बाइटच्या वर पुणेरी आवाजात ‘भाषांतर’ वाचणं मात्र मला अपमानास्पद वाटतं. वार्ताहरानंही उसनी बोली आणू नये. आपण घरी आणि कचेरीत ज्या मराठीत बोलतो, त्याच मराठीत लिहावं. वाचताना ते लगेच कळतं. उसन्या शब्दाशी आवाज किंचित चढतो.

पावलांचा आणि डंपरचा आवाज सजावटीसाठी घातलेला नाही. २४ ऑगस्ट १९४० च्या रात्री मरोनं लंडनच्या ट्रफाल्गर चौकातून थेट प्रक्षेपण केलं होतं. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजत होता. लोक आसऱ्याकडं निघाले होते. मरोनं मायक्रोफोन जमिनीजवळ नेला आणि अमेरिकेतल्या श्रोत्यांना लंडनकरांची पावलं ऐकू आली. ते धावत नव्हते, शांतपणे चालत होते. लंडन घाबरलेलं नाही, हे सांगायला त्याला वेगळं वाक्य लागलं नाही. आवाजाचं काम हे असं असतं, पुरावा म्हणून. म्हणूनच जो आवाज त्या जागेवर त्या वेळी रेकॉर्ड केलेला नाही, तो बातमीत वापरायचा नाही. पाऊस पडत नसताना संग्रहातला पाऊस लावणं हे खोटं विधान करण्यासारखंच आहे. वार्ताहरानं प्रत्येक ठिकाणी मिनिटभर कुणीही न बोलता नुसता आसपासचा आवाज घेऊन ठेवावा. संकलनात दोन बाइट जोडताना मध्ये जी कोरडी शांतता येते, ती कानाला खड्ड्यासारखी लागते आणि ती भरायला हाच मिनिट उपयोगी पडतो.

पॉडकास्टमुळे आणखी एक प्रकार रुळला आहे, निवेदक आणि वार्ताहर यांच्या गप्पांमधून बातमी उलगडण्याचा. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘द डेली’नं हा साचा जगभर पोहोचवला. ऐकायला तो अगदी सहज वाटतो, पण त्यामागं भरपूर लेखन असतं. हे लेखन कसं करायचं, यात मात्र गफलत होते. प्रश्न आणि उत्तरं दोन्ही शब्दशः लिहून काढली, की दोघं नाटुकलं वाचल्यासारखे वाटतात. निवेदक ठाऊक असलेल्या गोष्टीवर ‘अरे बापरे!’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला ते खोटं लगेच कळतं. काहीच लिहिलं नाही, तर दुसरा धोका. बोलण्याच्या ओघात वार्ताहर म्हणून जातो, ‘आगाराला काही पडलेलीच नाही.’ हे त्याचं मत आहे आणि ते बातमीच्या नावानं बाहेर गेलं.

म्हणून लिहायचं कमी, पण नेमकं. निवेदकाकडं प्रश्नांचा क्रम असावा आणि प्रत्येक प्रश्नानं गोष्ट कुठवर न्यायची ते त्याला ठाऊक असावं. वार्ताहरापुढं एका कागदावर फक्त तीन गोष्टी शब्दशः असाव्यात: आकडे, नावं आणि हुद्दे, आणि वादातल्या दोन्ही बाजूंची म्हणणी. बाकी सगळं त्यानं आठवून, आपल्या शब्दांत सांगावं. तिथं तो अडखळला, वाक्य मोडून पुन्हा बोलला, तरी बिघडत नाही. त्या मुलीच्या वह्यांबद्दल बोलताना तो क्षणभर थांबला, तर तो थांबणं संकलनात कापूही नये. आणि संपादकानं हा प्रकार कागदावर तपासून भागत नाही. रेकॉर्डिंग ऐकूनच मान्यता द्यावी लागते, कारण ‘व्यवस्थापक म्हणतात’ हे कागदावर तटस्थ असलेलं वाक्य सुरात उपहासाचं होऊ शकतं.

आकाशवाणी पुणे केंद्राचं सकाळी सात वाजून पाच मिनिटांचं प्रादेशिक बातमीपत्र ऐकत कित्येक घरं वाढली. त्यातली संथ, स्वच्छ वाचनाची रीत अजूनही शिकण्यासारखी आहे. पण दहा मिनिटांच्या बातमीपत्रात एका बातमीला चार-सहा वाक्यंच मिळतात. तिथं वरचीवाडीची मुलगी बोलणार नाही. तरीही क्रम तोच: ‘वरचीवाडीतली मुलं जूनपासून सात किलोमीटर चालत शाळेत जात आहेत. घाटातला रस्ता खचल्यामुळे एसटीनं इथली सकाळची फेरी थांबवली आहे.’ इथं कारण आपल्याच तोंडी गेलं आहे. वार्ताहरानं खचलेलं वळण स्वतः पाहिलं असेल आणि त्याच कारणानं फेरी थांबली याची खात्री असेल, तरच हे चालेल. नसेल, तर ‘रस्ता खचला असल्याचं कारण आगारानं दिलं आहे’ असं वेगळं वाक्य करायला हवं. वेळ कमी आहे म्हणून ही खबरदारी गाळता येत नाही.

स्क्रिप्ट तयार झाली की ती उभं राहून, मोठ्यानं, श्रोत्यापर्यंत पोहोचायच्या वेगानं वाचायची. मनात वाचून उपयोग नाही, मनात श्वास लागत नाही. जिथं श्वास मध्येच घ्यावा लागतो, तिथं वाक्याचे दोन भाग करायचे. जिथं जीभ अडते, तिथं शब्द बदलायचा. जिथं आपलंच लक्ष उडतं, तिथं बहुधा एखादं वाक्य जास्त आहे. शेवटाकडं खास लक्ष द्यावं. ‘आता प्रशासन काय भूमिका घेतं, याकडे साऱ्यांचं लक्ष लागलं आहे’ हे वाक्य कुठल्याही बातमीच्या शेवटी बसतं, म्हणून ते कुठंच बसवू नये. पुढं काय ठरलंय आणि कधी, हे ठाऊक असेल तर ते सांगून थांबावं. ठाऊक नसेल, तर शेवटच्या खऱ्या माहितीवर थांबावं.

राहिला तो ‘सोमवार’. सकाळच्या बातमीपत्रात ‘सोमवारपर्यंत मुदत दिलीय’ एवढं पुरतं. ते ऐकणारा त्याच सकाळी ऐकत असतो. पॉडकास्ट मात्र कुणी चार दिवसांनी एसटीत बसून ऐकेल, कुणी दिवाळीत. म्हणून तिथं ‘आज’, ‘काल’, ‘सोमवार’ यांच्या जागी तारीख हवी: ‘सोमवार, सात जुलैपर्यंत’. आणि त्या सोमवारी बस सुरू झाली, तर जुन्या भागाच्या सुरुवातीला वार्ताहराच्याच आवाजात दोन ओळी जोडाव्या लागतील: हा भाग अमुक तारखेला रेकॉर्ड केलेला आहे, त्यानंतर सात जुलैला वरचीवाडीची पावणेसातची एसटी पुन्हा सुरू झाली.